चार चौकटींची स्ट्रिप व्हिडिओत आणताना: क्रम, फुगे आणि चित्रकाराची रेषा

चित्रावरून व्हिडिओ तयार करणाऱ्या एखाद्या साधनाला छापील स्ट्रिप आहे तशी दिली आणि ती हलती करून मागितली, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. साधनाच्या दृष्टीने ते चार चौकटींचे कथन नसून एकच आडवे चित्र असते. त्यामुळे कॅमेरा त्या चित्रावरून सरकतो, सगळ्या चौकटींतली पात्रे एकाच वेळी हातवारे करू लागतात, चौकटींमधल्या रेषा वितळतात आणि फुग्यांमधली देवनागरी अक्षरे दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला अर्थहीन वेटोळ्यांमध्ये बदलतात. प्रॉम्प्ट, म्हणजे साधनाला लिहून दिलेली सूचना, कितीही लांबवला तरी हे टळत नाही, कारण दोष प्रॉम्प्टच्या शब्दांत नसून त्याच्यावर टाकलेल्या कामात आहे. शैली चित्राने सांभाळायची, शब्द आणि क्रम संकलनात सांभाळायचे आणि प्रॉम्प्टने फक्त हालचाल सांगायची, अशी विभागणी केली की काम आवाक्यात येते. पुढील सगळी पद्धत या विभागणीवर उभी आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच काल्पनिक स्ट्रिप घेऊ. ती पुण्यातल्या एका रिक्षा थांब्यावर घडते आणि काळ्या शाईत, करड्या छटांसह काढलेली आहे. पहिल्या चौकटीत नऊवारीतल्या आजी मिटलेली छत्री घेऊन उभ्या आहेत, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून रेलला आहे. आजींचा फुगा आहे, ‘डेक्कनला येणार का?’ आणि रिक्षावाल्याचा फुगा आहे, ‘आज पाऊस येणार, आजी. नाही जमायचं.’ दुसऱ्या चौकटीत मुसळधार पाऊस आहे, रिक्षावाला गाडी सुरू करायला धडपडतो आहे आणि वर मोठ्या हस्ताक्षरात ‘खर्र… खर्र… फुस्स’ असे लिहिले आहे. तिसरी चौकट मूक आहे. तो भिजून रिक्षाबाहेर उभा आहे आणि आजी छत्री उघडत आहेत. चौथ्या चौकटीत दोघे एकाच छत्रीखाली अंग चोरून उभे आहेत आणि आजी विचारतात, ‘चल, तुला कुठे सोडू?’

सुरुवात परवानगीपासून करावी लागते. दिवाळी अंकात किंवा दैनिकात छापून आलेले चित्र सर्वांचे होत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचे हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतात, आणि 1957 च्या या कायद्याचे कलम 57 चित्रकाराला स्वतःच्या नावाचा उल्लेख मागण्याचा व त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार देते. चित्रकार नियतकालिकाच्या नोकरीत असताना चित्र काढलेले असेल, तर काही हक्क मालकाकडेही असू शकतात. म्हणून लेखी परवानगी घ्यावी आणि तीत दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद कराव्यात: चित्र हलते करण्याची मुभा आणि ते बाहेरच्या ऑनलाइन सेवेवर चढवण्याची मुभा. दुसरी गोष्ट चित्रकाराच्या लक्षात येत नाही, आणि नंतर वाद होतो तो नेमका तिच्यावरूनच. परवानगी मागतानाच मूळ चित्राची थरांसह डिजिटल फाइल आहे का, हेही विचारावे. फुगे आणि पाऊस वेगळ्या थरांवर असतील, तर पुढचे अर्धे काम आधीच झालेले असते.

चौकटी सोडवणे आणि फुगे उचलणे

डिजिटल फाइल नसेल, तर मूळ कागद किंवा छापील पान 600 डीपीआयला स्कॅन करावे. झेरॉक्स आणि छपाईच्या दुकानांत स्कॅन करून घेताना ‘ऑटो’ सुधारणा बंद ठेवायला आवर्जून सांगावे, कारण ती कागद पांढरा करण्याच्या नादात करड्या छटा उडवते आणि कुंचल्याच्या बारीक टोकांची रेषा खाऊन टाकते. नंतर प्रत्येक चौकट वेगळी कापावी आणि कापताना चौकटीची बाहेरची काळी रेषा आत येऊ देऊ नये. ती आत राहिली, तर साधन तिला खिडकीची चौकट किंवा भिंत समजून तीही हलवते. चौकटरेषा संकलनात पुन्हा घालता येते.

फुगे उचलताना प्रत्येक फुगा शेपटीसकट कापून पारदर्शक पार्श्वभूमीच्या फाइलमध्ये ठेवावा, पण त्या फाइलचा आकार पूर्ण चौकटीएवढाच ठेवावा आणि फुगा त्याच्या मूळ जागी असू द्यावा. असे केले की शेवटी तो व्हिडिओवर टाकताना जागा शोधावी लागत नाही आणि शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच राहते. फुग्यातला मजकूर संगणकावर नव्याने टाइप करण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. हाताने लिहिलेली अक्षरे ही चित्रकाराच्या शैलीचाच भाग असतात. त्यांच्या जागी तयार टंक आला की उरलेली रेषा कितीही जपली तरी चित्र परके वाटते. शिवाय काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय चालू नसेल, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराला चिकटतो. उचललेल्या फुग्यात हा धोका नसतो.

चित्रातला मजकूर तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींची वागणूक वेगळी ठेवावी लागते. फुगे आणि ‘खर्र… खर्र… फुस्स’ सारखे ध्वनिशब्द पूर्णपणे उचलायचे. मागच्या खांबावरची ‘रिक्षा थांबा’ ही पाटी किंवा नंबरप्लेट मात्र दृश्याचा भाग आहे. तिला चित्रात राहू द्यावे, पण तिचीही एक कापलेली प्रत ठेवावी, कारण व्हिडिओत ती अक्षरे जवळजवळ नक्की बिघडतात आणि शेवटी त्यांच्यावर मूळ पाटीचा तुकडा बसवावा लागतो. कॅमेरा स्थिर असेल, तर हे काम अगदी सोपे असते.

फुगा उचलल्यावर मागे राहिलेले भोक भरायचे असते. मागे सपाट आकाश असेल, तर तीच करडी छटा पसरवून भागते. मागे आडव्या-उभ्या रेषांची जाळी असेल, तर आपोआप भरणाऱ्या साधनापेक्षा शेजारचा तुकडा हाताने उचलून जुळवणे चांगले, कारण आपोआप भरलेल्या रेषांची जाडी सगळीकडे सारखी येते आणि ती जागा डोळ्याला खुपते. फुग्याखाली पात्राचा खांदा किंवा केस झाकले गेले असतील, तर तेवढी रेषा चित्रकाराकडूनच काढून घ्यावी.

चौकट म्हणजे एक क्षण नव्हे

क्रम सांभाळणे म्हणजे चौकटी एक-दोन-तीन-चार अशा लावणे, असे वाटते. ते सोपे आहे; क्रम चुकतो तो चौकटीच्या आत. पहिल्या चौकटीत दोन फुगे आहेत, म्हणजे तिच्यात दोन क्षण आहेत. आजी विचारतात तो पहिला आणि रिक्षावाला नकार देतो तो दुसरा. चित्रकाराने मात्र चेहरे एकदाच काढले आहेत. रिक्षावाल्याची नजर आभाळाकडे आहे आणि आजींची एक भुवई वर गेली आहे, म्हणजे चित्र आहे ते नकारानंतरचे. हेच चित्र पहिल्या फ्रेमसाठी वापरले, तर प्रश्न विचारण्याआधीच आजी वैतागलेल्या दिसतील आणि विनोद पहिल्याच सेकंदाला सांडेल.

म्हणून प्रत्येक चौकटीसमोर दोन प्रश्न लिहून काढावेत: यात किती क्षण आहेत, आणि काढलेले चित्र त्यांपैकी कोणत्या क्षणाचे आहे? दोन बोलणारी पात्रे असलेल्या चौकटीत चित्र बहुधा शेवटच्या प्रतिक्रियेचे असते. अशा वेळी छापील चित्र शेवटची फ्रेम म्हणून वापरावे आणि पहिल्या फ्रेमसाठी त्याची एक किरकोळ बदललेली प्रत तयार करावी. आपल्या उदाहरणात आजींची भुवई सरळ करायची आणि रिक्षावाल्याचे डोके समोर वळवायचे, एवढेच काम आहे. चित्रकाराला हे दहा मिनिटांचे काम असते आणि ते त्याच्याच हातून झालेले बरे. व्हिओ, क्लिंग, रनवे यांसारख्या साधनांच्या अनेक आवृत्त्यांमध्ये पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येतात. आपण निवडलेल्या आवृत्तीत ती सोय आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

या हिशेबाने चार चौकटींचे पाच शॉट होतात. पहिल्या चौकटीचे दोन, बाकीच्यांचा प्रत्येकी एक. फाइलांची नावेही तशीच द्यावीत: `p1a`, `p1b`, `p2`, `p3`, `p4`. नाव फुग्याच्या फाइललाही तेच, फक्त पुढे `_fuga` जोडून. हे क्षुल्लक वाटते, पण प्रत्येक शॉटच्या तीन-चार आवृत्त्या साठल्यावर क्रमाचा घोळ होतो तो नावांमुळेच.

प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचे

प्रॉम्प्ट लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्राचे एक छोटे पान तयार करावे. त्यात पात्र कसे दिसते यापेक्षा ते कसे कधीच दिसत नाही, याची नोंद अधिक उपयोगी पडते. आपल्या चित्रकाराची पात्रे समजा अशी आहेत: डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, पापण्या आणि बुबुळे कधीच नाहीत, न बोलणाऱ्या पात्राला ओठांची रेषा नाही, हाताला चार बोटे, कुंचल्याची रेषा खांद्यावर जाड आणि मनगटाशी बारीक. या प्रत्येक गोष्टीवर साधन आपली सवय लादू पाहते. ठिपक्यांना ते बुबुळे देते, बोटे पाच करते, रेषा सरसकट एका जाडीची करते आणि पुण्याच्या काळ्या, पिवळ्या टपाच्या रिक्षाची तिसऱ्या सेकंदाला भलत्याच देशातली तीनचाकी करून टाकते. नऊवारीचा काष्टा तर हालचाल सुरू होताच साध्या गोल साडीत विरघळतो.

यावर उपाय म्हणून शैलीचे लांबलचक वर्णन लिहिणे उलट नुकसान करते. ‘भारतीय व्यंगचित्राच्या शैलीत’ असे लिहिले की साधन समोरचे चित्र सोडून आपल्या आठवणीतल्या सरासरी व्यंगचित्राकडे ओढले जाते. चित्र दिलेलेच आहे, त्यामुळे चित्रात काय आहे ते पुन्हा सांगू नये. सांगायचे ते एवढेच: कॅमेरा स्थिर आहे, कोण हलते आणि कसे, कोण हलत नाही, आणि बिघडण्याची शक्यता असलेली कोणती एक-दोन वैशिष्ट्ये तशीच राहिली पाहिजेत. बहुतेक साधने इंग्रजी सूचना अधिक नेमकेपणाने पाळतात, म्हणून प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहिणे व्यवहार्य ठरते. `p1b` या शॉटचा प्रॉम्प्ट असा होईल:

```
Static camera. The driver slowly tilts his head up
to the sky, then holds still. The old woman only
raises one eyebrow. Both mouths stay unchanged.
Eyes remain plain black dots. Ink lines and flat
grey tones unchanged. Sky stays empty.
```

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. कॅमेरा स्थिर हवा, कारण फुगा नंतर पडद्यावर ठरलेल्या जागी बसणार आहे. दृश्य सरकले, तर शेपटी हवेत लटकते. तोंडे न हलवण्याची सूचना हवी, कारण साधन दोन समोरासमोरच्या माणसांना आपण होऊन बोलायला लावते आणि कागदी स्ट्रिपमध्ये ओठ हलणे विचित्र दिसते. आकाश रिकामे ठेवण्याची सूचना तर विसरूच नये: फुगा काढल्यामुळे मोकळी झालेली जागा साधनाला सहन होत नाही आणि तिथे पक्षी, ढग किंवा सूर्य उगवतो. संवाद प्रॉम्प्टमध्ये कधीही लिहू नये. अवतरणातला मजकूर दिसला की काही साधने तो पडद्यावर उपशीर्षकासारखा रंगवतात, तर आवाज निर्माण करणारी साधने तो पात्राच्या तोंडी घालतात.

एका शॉटमध्ये एकच मोठी हालचाल असावी. तिसऱ्या चौकटीत आजी छत्री उघडतात, तेवढेच घडू द्यावे. रिक्षावाला त्याच वेळी डोके खाजवतो आहे असे लिहिले, तर दोन्ही हालचाली अर्धवट होतात आणि छत्रीची काडी त्याच्या हातात गेलेली दिसू शकते. छत्री उघडणे हे मुळातच अवघड आहे, कारण तिचा आकार पूर्ण बदलतो. मिटलेली आणि उघडी अशा दोन फ्रेम देऊनही मधला भाग रबरासारखा ताणला जात असेल, तर हट्ट सोडून सरळ कापावे: मिटलेली छत्री, लगेच उघडी छत्री, आणि मध्ये फक्त ‘फट्’ असा आवाज. स्ट्रिपच्या वाचकाला अशा उडीची सवय असते.

पावसाबद्दल वेगळे सांगायला हवे. चित्रकाराने पाऊस तिरप्या, सुट्या फटकाऱ्यांनी काढलेला असतो; साधन त्याचे चकचकीत थेंब करते आणि जमिनीवर खरेखुरे शिंतोडे उडवते. थरांची फाइल असेल, तर पाऊस काढून शॉट तयार करावा आणि चित्रकाराकडून तिरप्या फटकाऱ्यांचे तीन वेगवेगळे पारदर्शक कागद घेऊन ते संकलनात आळीपाळीने वर टाकावेत. फाइल नसेल आणि पाऊस चेहऱ्यांवरूनच गेला असेल, तर तो चित्रात राहू द्यावा, पाऊस सरळ शाईच्या रेषांचाच राहील अशी सूचना द्यावी आणि थोडी थरथर मान्य करावी.

तपासणी

ही साधने एका वेळी साधारण 5 ते 10 सेकंदांचा तुकडा देतात, पण आपल्याला त्यातले पहिले दोन-तीन सेकंदच लागतात. पात्राचे मूळ रूपापासून घसरणे वेळेबरोबर वाढत जाते, म्हणून लांब तुकड्याचा सुरुवातीचा भाग वापरणे आणि उरलेला वेळ एक फ्रेम थांबवून भरणे हाच सुरक्षित मार्ग आहे. घसरण डोळ्याला लगेच कळत नाही. ती पकडायची, तर वापरायच्या भागाची शेवटची फ्रेम मूळ चौकटीवर 50 टक्के पारदर्शकतेने ठेवावी. न हलणाऱ्या पात्राची रेषा दुहेरी दिसली, तर तो शॉट बाद समजावा. त्यानंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत फक्त डोळे पाहावेत, मग फक्त हात, मग रिक्षाचा टप. सगळे एकदम पाहू गेल्यास काहीच सापडत नाही.

शॉट बिघडला, तर सगळा प्रॉम्प्ट बदलू नये. एकच वाक्य बदलावे आणि पुन्हा चालवावे, नाहीतर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. तीन-चार वेळा बदलूनही तीच चूक येत असेल, तर दोष बहुधा चित्रात असतो: पात्राचा हात चौकटीच्या कडेने कापला गेला असेल किंवा दोन आकारांच्या रेषा एकमेकींना चिकटल्या असतील. तिथे चित्रच दुरुस्त करावे.

रेषा सतत शिवशिवत असतील, तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाच्या 24 फ्रेमसाठी अनेकदा 12 चित्रेच काढली जातात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकते. तसेच इथे केले, तर अतिगुळगुळीत हालचाल थोडी अडखळते आणि चित्र हाताने काढल्यासारखे दिसते. ffmpeg या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रामला त्यासाठी अशी आज्ञा द्यावी:

```
ffmpeg -i p1b.mp4 -vf "fps=12,fps=24" p1b_12.mp4
```

फुगे परत बसवणे

संकलनात फुग्यांची वेळ ठरवताना एक नियम पाळावा: प्रत्येक चौकटीच्या शेवटी, किमान एक सेकंदभर, छापील चौकट जशीच्या तशी दिसली पाहिजे. पहिल्या चौकटीत आजींचा फुगा अर्ध्या सेकंदानंतर येतो आणि तो तसाच राहतो. रिक्षावाल्याची मान वर गेल्यावर त्याचा फुगा येतो. मग दोन्ही फुगे, वर गेलेली भुवई आणि आभाळाकडची नजर असे सगळे एकत्र दिसते. फुगा वाचायला किती वेळ द्यायचा, हे ठरवण्यासाठी तो मजकूर मोठ्याने, सावकाश वाचून मोबाइलवर वेळ मोजावी आणि त्यात एक सेकंद मिळवावा. फुगे उड्या मारत किंवा फुगत येऊ देऊ नयेत. ते फक्त उमटावेत. ध्वनिशब्द मात्र तुकड्यांत आणावा, पहिले ‘खर्र…’, दुसरे ‘खर्र…’ आणि थोडे थांबून ‘फुस्स’, कारण तो ऐकू येण्याच्या क्रमाने लिहिलेला असतो.

आपल्या स्ट्रिपची लांबी अशी बसते: `p1a` 3 सेकंद, `p1b` 4, `p2` 3, `p3` 4 आणि `p4` 6, म्हणजे एकूण 20 सेकंद. मूक चौकटीला बोलक्या चौकटीइतका वेळ देण्याचे कारण असे की, कागदावर वाचक तिथे आपोआप थबकतो. व्हिडिओत ते थबकणे आपल्याला बनवावे लागते. तिसऱ्या चौकटीतली हालचाल दीड सेकंदात संपेल. उरलेला वेळ काहीही हलवू नये, फक्त पाऊस चालू ठेवावा. चौथ्या चौकटीतही आजींचा फुगा लगेच आणू नये. आधी दोघे छत्रीखाली दिसू द्यावेत, आजींनी मान त्याच्याकडे वळवू द्यावी, आणि दोन सेकंदांनी प्रश्न उमटू द्यावा.

पार्श्वआवाजात कोणी संवाद वाचून दाखवणार असेल, तर फुगे ठेवायचे की आवाज, हे आधी ठरवावे. दोन्ही ठेवले, तर प्रेक्षक आवाजाच्या पुढे वाचून मोकळा होतो आणि शेवटचा प्रश्न ऐकू येण्याआधीच हसून घेतो. माझ्या मते फुगे ठेवावेत आणि आवाजात पाऊस, स्टार्टर आणि छत्री एवढेच असावे.

मोबाइलसाठी उभी आवृत्ती हवी असेल, तर आडवी चौकट बाजूंनी कापू नये, कारण पहिल्या चौकटीत आजी एका कडेला आणि रिक्षावाला दुसऱ्या कडेला आहे. उभ्या पडद्यावर पूर्ण चौकट मध्यभागी ठेवून वर-खाली कागदाच्या रंगाची पट्टी सोडावी, किंवा पहिल्या दोन चौकटी एकाखाली एक आणून वरची स्थिर ठेवावी आणि खालची हलती. दुसऱ्या मांडणीत वरच्या चौकटीतले फुगे तसेच दिसत राहू द्यावेत. ते काढले, तर खालच्या चौकटीतला पाऊस कोणत्या बोलण्याला उत्तर देतो आहे, हे मधूनच पाहू लागलेल्या माणसाला कळणार नाही.